एकादशीचा कागद

आदरणीय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

गळ्यात तुळशीची माळ, खिशात छोटी डायरी आणि तपासून झाल्यावर आठवणीने पाया पडायला वाकणारे ते पेशंट तुमच्या लक्षात असतील. तुम्ही दर वेळी त्यांना अर्ध्यावर धरता. मी त्यांची मुलगी. गेल्या कार्तिकात त्यांना अ‍ॅटॅक आला, तुम्ही एक स्टेंट घातलात. त्याला आता नऊ महिने होत आले. टू डी इकोत त्यांच्या हृदयाचं पंपिंग 38 टक्के आलं होतं. वय 71, साखर बारा वर्षांपासून. मी टोरांटोत एका हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या वडिलांच्या गोळ्या तपासते. म्हणूनच हे पत्र लिहायला इतका उशीर झाला याचं मला फार वाईट वाटतं.

आधी एक गोष्ट सांगते, कारण तिच्यावाचून पुढचं काहीच समजणार नाही. अण्णांनी उपास सोडलेला नाही. मागच्या भेटीत तुम्ही विचारलंत, "उपासबिपास बंद केले ना?" आणि ते "हो" म्हणाले. माझ्या आठवणीत अण्णा पहिल्यांदा खोटं बोलले. घरी येऊन दोन दिवस ते नीट जेवले नाहीत, असं आई म्हणाली. कृपा करून त्यांना रागावू नका. ते माळकरी आहेत. माळ घातली की एकादशी आलीच. वर्षाच्या चोवीस, अधिकमासाच्या वर्षी सव्वीस. चाळीस वर्षांत त्यांनी एकही चुकवलेली नाही. वारी तुमच्या सांगण्यावरून थांबली, ते दुःख त्यांनी गिळलं. एकादशी मात्र त्यांना गिळता येईना.

उपास चालू आहे हे मला त्यांच्या डायरीतून कळलं. डिस्चार्जच्या वेळी तुमच्या सिस्टरांनी सांगितलं होतं, रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी वजन करा आणि लिहून ठेवा. तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढलं तर फोन करा. अण्णा वजन इमानदारीने लिहितात, पण तारखेऐवजी तिथी घालून. माझे रात्रीचे साडेनऊ म्हणजे त्यांचे सकाळचे सात. त्या वेळी आमचा व्हिडिओ कॉल असतो. मेमध्ये एकदा आईने डायरीची पानं कॅमेऱ्यासमोर धरली आणि मी ती उतरवून घेतली. एक पंधरवडा असा होता: दशमी 61.2, एकादशी 61.0, द्वादशी 61.9, त्रयोदशी 63.1, चतुर्दशी 63.2. मग हळूहळू उतरत पुन्हा 61. आधीचा पंधरवडाही तसाच. त्याआधीचाही. दर त्रयोदशीच्या पुढे त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, "दोन उशा". म्हणजे आडवं पडल्यावर दम लागत होता. फोन त्यांनी कधी केला नाही. चतुर्थीपर्यंत वजन आपोआप उतरतं, मग डॉक्टरांना कशाला त्रास, असं त्यांचं म्हणणं.

उपासाने वजन वाढतं कसं? मी खोदून विचारलं तेव्हा खरं कारण निघालं. आधी ते म्हणाले, उपाशीपोटी गोळी सोसत नाही. मग म्हणाले, औषधाने उपास मोडतो. दोन्ही खरं नव्हतं. महाभारतात, उद्योगपर्वात, कशाने व्रत मोडत नाही अशा आठ गोष्टी सांगितल्या आहेत. पाणी, कंदमुळं, फळं, दूध यांच्या पंगतीत औषधही बसलेलं आहे. हे मला लहानपणी अण्णांनीच शिकवलं होतं. मी त्यांना तेच ऐकवलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग खाली बघत म्हणाले, "अगं, भजनातून सारखं उठावं लागतं. देवळात सोय नाही. लोकांच्या मांड्या ओलांडत जायचं, तेही चार चार वेळा."

एवढंच होतं. लघवीच्या गोळीने, म्हणजे टॉरसेमाइडने, तासाभरात काम सुरू होतं आणि पहिले दोन-तीन तास माणसाला बाथरूमच्या आसपासच राहावं लागतं. भजन नऊ ते बारा. म्हणून एकादशीला सकाळची पुडी तशीच राहायची. द्वादशीला देवळात पारण्याची पंगत, अण्णा वाढायला उभे, त्यामुळे त्याही दिवशी राहायची. आणि पुडी म्हणजे एक गोळी नव्हे. आई सकाळच्या सगळ्या गोळ्या एका कागदात बांधून देते. एका गोळीच्या लाजेपायी अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, मेटोप्रोलॉल सगळंच दोन दिवस बंद. वर पारण्याच्या ताटात आमटी, पापड, लोणचं, कुरडई. मीठ आत जातं, मिठाला धरून पाणी अंगात राहतं आणि ते बाहेर काढणारी गोळी पुडीत पडून राहते. त्रयोदशीचे दोन किलो म्हणजे चरबी नव्हे, दोन लिटर पाणी.

मला सर्वांत जास्त धसका बसला तो क्लोपिडोग्रेलचा. स्टेंट नवा असतो तोवर रक्ताला तो परकाच वाटतो. त्याच्यावर आतलं अस्तर नीट धरेपर्यंत क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅस्पिरिन या दोन गोळ्या तिथे गुठळी होऊ देत नाहीत. अ‍ॅटॅकनंतर साधारण वर्षभर त्या चुकवायच्या नसतात. अण्णा महिन्यातून चार दिवस चुकवत होते. काही झालं नाही, हे आमचं नशीब.

जूनच्या तपासणीला मी आईला सांगितलं, डॉक्टरांना गोळ्या चुकतात हे नक्की सांग. तिने सांगितलं. तुम्ही काळजीपोटीच म्हणालात, "एकही गोळी चुकवायची नाही आणि उपास एकदम बंद." तुमच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. पण अण्णांनी त्यातलं अर्धं ऐकलं. आणि ते अर्धं ऐकणं आधीच्यापेक्षा वाईट ठरलं. आषाढीला काय झालं ते तुम्हाला कोणी नीट सांगितलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

इतर एकादशींना ते फराळ करतात, पण आषाढी निर्जळी. त्या दिवशी पहाटे त्यांनी पुडी उघडली, सगळ्याच्या सगळ्या गोळ्या दोन घोट पाण्याबरोबर घेतल्या आणि देवळात जाऊन बसले. साडेअकराला आरतीसाठी उभे राहिले आणि खाली बसले. पडले म्हणत नाहीत, बसलो म्हणतात. शेजारच्या काकांनी त्यांना घरी आणलं. शुद्धीवर होते, पण सदरा पिळून काढावा इतका घाम. आईने मशीन लावलं: बीपी 88 वर 54, साखर 58. इथे रात्रीचे दोन वाजले होते. मी फोनवर आईला सांगितलं, तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाज, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघ. अण्णा तोंड फिरवत होते. मी म्हटलं, "अण्णा, साखर उपासाला चालते." तेव्हा ते प्यायले. पंधरा मिनिटांनी 84 झाली.

त्या सकाळी प्रत्येक गोळीने आपापलं काम चोख केलं होतं. ग्लिमेपिराइड अन्नाची वाट बघत नाही. पोटात काही असो नसो, ती इन्सुलिन सोडायला लावते आणि तिचा अंमल दिवसभर टिकतो. टॉरसेमाइडने पाणी काढलं, डापाग्लिफ्लोझिनने लघवीवाटे साखरेबरोबर आणखी पाणी काढलं आणि आत एक घोटही जात नव्हता. रामिप्रिलने बीपी उतरवलं. साखर उतरली की छाती धडधडते, हात कापतात, माणूस सावध होतो. पण मेटोप्रोलॉल ती धडधड आणि कापरं दाबून टाकतं. घाम तेवढा दाबला जात नाही. आईला मी आता एवढंच पाठ करून दिलं आहे: अण्णांच्या बाबतीत धडधडीची वाट बघायची नाही, कारण नसताना घाम आला की साखर तपासायची.

पुढचा भाग आमच्या प्रेमाने केला. अशक्तपणा आला म्हणून दोन दिवस त्यांना शहाळ्याचं पाणी सुरू झालं, सकाळ-संध्याकाळ. केळी. द्वादशीला जड नको म्हणून उकडलेली रताळी. शिवाय तुम्ही मीठ कमी करा म्हणाला होतात, म्हणून आईने शेजारणीच्या सांगण्यावरून 'कमी सोडियमचं' मीठ आणलं होतं. त्या पाकिटावर मागे काय लिहिलंय ते मी कॅमेऱ्यात वाचायला मागितलं. सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड होतं. शहाळ्याच्या एका पेल्यात सहाशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. रताळं, बटाटा, केळं, खजूर, उपासाचं आमचं निम्मं ताट पोटॅशियमचं. आणि अण्णांच्या पुडीतल्या दोन गोळ्या, रामिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन, पोटॅशियम शरीरात धरून ठेवतात. एरवी मूत्रपिंड जादा पोटॅशियम बाहेर टाकतं, पण ते आषाढीला कोरडं पडलेलं. तिसऱ्या दिवशी मी हट्टाने रक्त तपासायला लावलं. क्रिएटिनिन 1.2 वरून 1.7 झालं होतं आणि पोटॅशियम 5.7.

त्या दिवशी अण्णा अंगणात पेपर वाचत बसले होते. काही दुखत नव्हतं, काही जाणवत नव्हतं. पोटॅशियमचं हेच भयंकर आहे. पुष्कळदा ते आधी काही सांगत नाही, एकदम ठोक्यांची लय बिघडवतं. तुमच्या क्लिनिकला फोन केला तेव्हा तुम्ही परगावी होतात. तुमच्या सहकारी डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो ठीक होता. स्पायरोनोलॅक्टोन आठवडाभर थांबवलं, शहाळं आणि ते मीठ बंद केलं. आठवड्याने 4.8 आलं, क्रिएटिनिन 1.3. गोळी आता अर्धी चालू आहे. हे तुमच्या फाइलमध्ये आहे. आषाढीचा उपास मात्र फाइलमध्ये नाही. तिथे फक्त 'चक्कर' असं लिहिलंय.

सैंधवाबद्दलही सांगायला हवं. उपासाला आमच्याकडे सैंधव वापरतात, आणि ते 'मीठ नव्हे' असा आईचा पक्का समज. एक मीठ औषध म्हणून आणलं, ते पोटॅशियमचं निघालं. दुसरं पवित्र म्हणून सढळ हाताने घातलं, ते जवळजवळ सगळं साधं सोडियम क्लोराइडच. आता घरात एकच मीठ आहे, साधं आयोडिनवालं. उपासालाही तेच चालवायला अण्णा तयार झाले. दोघांचं मिळून दिवसाचं मीठ आई सकाळीच दोन सपाट चमचे मोजून वाटीत काढते आणि त्या वाटीबाहेर जात नाही. त्यामुळे पापड-लोणचं घरातून गेलं. देवळातली पंगत राहिली आहे.

आता माझी विनंती. इथे आमच्याकडे रमजानच्या आधी कितीतरी मुस्लिम पेशंट येतात. कोणी त्यांना रोजे सोडा म्हणून सुरुवात करत नाही. आधी विचारतात, तुमचा काय विचार आहे? मग धोका किती ते बघतात. ज्यांना खरंच झेपणार नाही त्यांना स्पष्ट नाही म्हणतात, बाकीच्यांच्या गोळ्यांच्या वेळा बदलून देतात. मधुमेहींसाठी तर आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाची मार्गदर्शिका आहे, 2021 ची. तीत रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटा असं सांगितलं आहे. मी स्वतः कितीतरी आजोबांना असे कागद करून दिलेत. ते देताना एकदाही मला सुचलं नाही की माझ्या वडिलांचा महिन्यातून दोनदा असाच दिवस येतो आणि त्यांच्याकडे असा कागद नाही. त्यांच्याकडे रोजच्या गोळ्यांचा कागद आहे. एकादशीला तो लागू पडत नाही. सगळं चुकवलं तर पाणी साठतं, सगळं घेतलं तर माणूस कोसळतो.

म्हणून एकादशीसाठी एक वेगळा कागद तुम्ही लिहून द्यावा. निर्णय तुमचा, डोस तुमचे. मी फक्त माझ्या मनात काय आहे ते मांडते, म्हणजे तुमचा वेळ वाचेल.

अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, मेटोप्रोलॉल आणि रात्रीची अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, या चार गोळ्या उपास असो नसो घ्यायच्याच, असं तुमच्याकडून लिहून हवं. अ‍ॅस्पिरिन आणि मेटोप्रोलॉल कपभर दूध आणि थोड्या राजगिऱ्याच्या लाडवाबरोबर घेतली तर चालेल ना? दोन्ही त्यांच्या उपासाला चालतात, मी विचारून घेतलंय. लघवीची गोळी त्या दिवशी सकाळी सातऐवजी दुपारी एकला दिली तर भजन पार पडतं आणि रात्रीची झोपही मोडत नाही. द्वादशीलाही पंगत उठल्यावर. माझ्या मते निम्मा प्रश्न इथेच सुटतो. ग्लिमेपिराइड एकादशीला पूर्ण वगळावी की कसं, आणि डापाग्लिफ्लोझिन आदल्या दिवसापासून थांबवावी का, हे तुम्ही ठरवा. त्या गोळीची मला जास्त भीती वाटते, कारण लांब उपासात तिच्यामुळे रक्तात आम्ल साठू शकतं आणि मशीनवर साखर मात्र फारशी चढलेली दिसत नाही. मळमळ, पोटात दुखणं, धाप अशी लक्षणं उपासाच्या दिवशी आली तर आई नक्की म्हणेल, पित्त झालं. रामिप्रिल आणि अर्धी स्पायरोनोलॅक्टोन सकाळचं बीपी बघून द्यायची का, आणि कोणत्या आकड्याखाली द्यायची नाही, तो आकडा लिहून द्या. आईला आकडा दिला की ती चुकत नाही.

खाण्याचं मी अण्णांशी बोलले आहे. साबुदाण्याची खिचडी ताटभर खाल्ली की दोन तासांनी साखर अडीचशेच्या घरात जाते, हे त्यांनी स्वतः मशीनवर पाहिलं. आता वाटीभर खिचडी, बरोबर दही, आणि दुपारी राजगिऱ्याची भाकरी आणि काकडीची कोशिंबीर. बटाटा खायचाच तर आई तो सोलून, बारीक फोडी करून भरपूर पाण्यात उकडते आणि ते पाणी ओतून देते. त्याने पोटॅशियम बरंच उतरतं. शहाळं नाही. केळं नाही. पाणी किती प्यायचं हे मात्र तुमच्याकडून हवं. एरवी दीड लिटरची मर्यादा आहे, तीच उपासाला ठेवायची की काय, आणि दिवसभर वाटून कशी.

निर्जळी आता नाही. हे मी त्यांच्याशी भांडून मिळवलेलं नाही. आषाढीनंतर आठ दिवसांनी त्यांनी स्वतः फोनवर सांगितलं, "पाणी घेत जाईन. पाण्याने मोडत नाही." आणि मग, "पण डॉक्टरांनी एकादशी करू नका म्हटलं तर मी काय करू?" मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही तपासून, 38 टक्क्यांचं पंपिंग आणि आषाढीचे आकडे बघून, फराळाचा उपासही झेपणार नाही असंच ठरवलंत तर तसं सांगा. पण समोर बसवून, कारण सांगून. मीही तेव्हा तुमच्या बाजूने बोलेन. नुसतं "बंद" म्हटलंत तर ते पुन्हा हो म्हणतील आणि आम्हाला डायरीतल्या तिथ्या शोधत बसावं लागेल.

येत्या बुधवारी त्यांची अपॉइंटमेंट आहे, आणि एकादशी त्यानंतर पाच दिवसांनी. सोमवारी पोटॅशियम आणि क्रिएटिनिनचं रक्त देऊन रिपोर्ट बरोबर आणायला मी आईला सांगितलं आहे. डायरीही आणतील. या वेळी अण्णा तिथींच्या पुढे उपासाचा दिवस उघड लिहून आणणार आहेत, तसं कबूल केलंय त्यांनी. शक्य झालं तर तो कागद मराठीत आणि मोठ्या अक्षरात लिहा. त्यावर सकाळी सात, दुपारी एक, रात्री नऊ अशा वेळा असू द्या, आणि खाली तुमची सही. टाइप केलेला नको. तुमचं अक्षर ते ओळखतात. डिस्चार्जच्या वेळी तुम्ही हाताने लिहून दिलेला पहिला कागद त्यांनी अजून पोथीत ठेवला आहे.

तुमची कृतज्ञ,
तुमच्या त्या पेशंटची मुलगी